रिलीफ व्हॉल्व्हला काय दिसतं?

ट्रकच्या पाट्याच्या डोळ्यात बसवलेला बुश वर्षानुवर्षं चिखलपाण्यात राहून इतका गंजतो, की हातोड्याने तो हलत नाही. मग पाटा हायड्रॉलिक प्रेसखाली धरतात. कारागीर लिव्हर ओढतो, वरचा रॉड सावकाश खाली येतो, क्षणभर थबकतो आणि कडकन आवाज होऊन बुश बाहेर पडतो. ज्या क्षणी तो रॉड थबकतो, त्या क्षणी मशीनच्या पोटात काय चाललेलं असतं, ते प्रेसवर काम करणाऱ्या पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी एक समजूत दूर करू. पंप प्रेशर निर्माण करतो असं आपण सहज म्हणतो, पण गिअर पंप फक्त तेल ढकलतो. एका फेरीत ठरावीक तेल, मिनिटाला समजा 10 लिटर, आणि समोर वाट असो वा नसो, तो ढकलतच राहतो. रॉड मोकळा खाली येत असतो तेव्हा गेजचा काटा जेमतेम हलतो. रॉड बुशवर टेकला की तेलाची वाट अडते आणि काटा चढू लागतो. म्हणजे प्रेशर येतं ते अडथळ्यातून. बुश हललाच नाही तर पंप थांबणार नाही. होज फुटेल, सील जाईल, पंपाचा शाफ्ट मोडेल किंवा मोटार बंद पडेल. सगळ्यांत कमजोर असेल ते आधी तुटेल.

ते होऊ नये म्हणून पंपापासून निघालेल्या लाइनवर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्याची रचना साधी असते. एका भोकावर टोकदार खीळ बसलेली, तिच्या पाठीमागे स्प्रिंग, आणि स्प्रिंग दाबणारा एक स्क्रू. तेलाचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की खीळ उचलली जाते आणि जादा तेल टाकीत परत जातं. कुकरच्या शिट्टीचं वजन वाफेला करू देतं तेच काम इथे स्प्रिंग करते. स्क्रू जितका आवळाल तितका जास्त दाब ती सहन करते.

आकड्यांत पाहू. सिलिंडरचा आतला व्यास 100 मिलिमीटर असेल, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर होतं. एक बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो. रिलीफ 160 बारवर लावला असेल, तर प्रेसचा जास्तीत जास्त जोर सुमारे साडेबारा टन. त्यापुढे लिव्हर कितीही वेळ ओढून धरली तरी जोर वाढत नाही. वाढते ती फक्त उष्णता, कारण 160 बारने दाबलेलं 10 लिटर तेल दर मिनिटाला काहीही काम न करता टाकीत पडतं आणि त्यातली सगळी, जवळपास पावणेतीन किलोवॅट, ताकद तेल तापवण्यात जाते. पाणी तापवायचे दोन हीटर टाकीत सोडल्यासारखंच ते. टाकीत 40 लिटर तेल असेल तर ते दर मिनिटाला दोन अंशांहून जास्त तापतं. व्हॉल्व्हमधून फुसफुस आवाज येतोय आणि टाकीकडे जाणारा पाइप पोळतोय, एवढ्यावरून रिलीफ उघडा आहे हे जुना फिटर गेज न बघताही ओळखतो.

आता लिव्हर. तिच्याखालच्या ठोकळ्याला डीसी व्हॉल्व्ह म्हणतात. त्याला चार तोंडं असतात: एक पंपाकडचं, एक टाकीकडचं आणि दोन सिलिंडरच्या दोन टोकांकडची. आत स्पूल नावाचा खाचा असलेला गुळगुळीत दांडा सरकतो. लिव्हर एकीकडे ओढली की पंपाचं तेल पिस्टनच्या वर जातं आणि खालचं तेल टाकीत येतं. उलटी ढकलली की वाटा बदलतात आणि रॉड वर जातो. वर जाताना तो जलद जातो, कारण त्या बाजूला रॉडने जागा अडवलेली असते आणि तेल कमी लागतं. प्रेसमध्ये बहुधा असा स्पूल घालतात, की लिव्हर मधोमध असताना पंपाचं तेल सरळ टाकीत फिरत राहतं आणि सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद होतात. मोटार चालू असते, पण दाब जवळपास नसतो आणि तेल थंड राहतं.

खरा मुद्दा इथेच आहे. लिव्हर मधोमध आली की सिलिंडर पंपाच्या लाइनपासून तुटतो, म्हणजेच रिलीफपासूनही तुटतो. रिलीफ व्हॉल्व्हला फक्त पंपाकडचा दाब दिसतो. लोडरची बकेट उचलून धरली आहे, लिव्हर मध्ये आहे आणि तिच्यावर वरून दगड कोसळला, तर सिलिंडरमधला दाब एकदम चढेल, पण मुख्य रिलीफ स्वस्थ बसून राहील. म्हणून अशा यंत्रांत सिलिंडरच्या तोंडाशी वेगळे रिलीफ बसवतात. दुसरं म्हणजे स्पूल ही काही बूच लावलेली बाटली नव्हे. तो सरकायला हवा म्हणून त्याच्याभोवती केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी फट ठेवलेलीच असते. तिच्यातून तेल झिरपतं आणि उचललेला भार हळूहळू खाली येतो. भार धरून ठेवायला वेगळा लॉक व्हॉल्व्ह लागतो, आणि माणूस खाली जाणार असेल तर लोखंडी टेकू हवाच.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये प्रेसचा होज फुटला म्हणून मला बोलावलं. पंपाजवळच्या भिंतीवर तेलाचा पट्टा उडाला होता; समोर कुणी नव्हतं एवढंच नशीब. गेजचा काटा कधीचा 100 वर अडकलेला. मोटारचा ओव्हरलोड आठवडाभर ट्रिप होत होता. प्रेसवरचा पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, बुश निघत नव्हता, म्हणून रिलीफ अर्धा फेरा आवळला. निघाला. मग पुढच्या वेळीही तसंच केलं." किती फेरे झाले ते त्याला आठवत नव्हतं. जुना होज जितकं सोसला तितकं सोसला.

आम्ही नवा होज आणि नवा गेज लावला, रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल केला आणि मग मोटार चालू केली. लिव्हर ओढून रॉड शेवटपर्यंत जाऊ दिला, म्हणजे तेलाला दुसरी वाट उरली नाही. लिव्हर तशीच धरून स्क्रू पाव-पाव फेरा आवळत काटा 160 वर आणला, लॉक नट घट्ट केला. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागली. लिव्हर मधोमध ठेवून हे जमलं नसतं. तेल टाकीत फिरत राहिलं असतं आणि स्क्रू कितीही आवळला तरी काटा हलला नसता. या चुकीपायीही पुष्कळ रिलीफ वेडेवाकडे आवळले जातात.

काटा 160 वर पोचूनही बुश निघत नसेल, तर व्हॉल्व्हचा दोष नाही. ते काम त्या प्रेसच्या आवाक्याबाहेरचं आहे. बुश तापवा, कापा किंवा मोठ्या प्रेसवर न्या. काटा 60 वरच थांबत असेल, तर रिलीफच्या खिळीखाली कचरा अडकलाय, पंप झिजलाय किंवा पिस्टनचं सील गेलंय. अशा वेळी स्क्रू आवळणं म्हणजे रोग तसाच ठेवून कचरा निघेल त्या दिवसासाठी अपघात रचून ठेवणं. आणि होजमधून तेलाची बारीक धार उडत असेल, तर ती हाताने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. तेवढ्या दाबाची धार कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत तेल पसरलेलं असतं. दुखत नसलं तरी त्याच तासात सर्जन असलेल्या दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.