महिन्यात दहा हजार फॉलोअर्स : एजन्सीच्या नकारपत्राचा उलगडा

सोशल मीडियाचे काम घेणाऱ्या एजन्सीला ग्राहकाकडून येणाऱ्या मागण्यांमध्ये एक ठरलेली असते : एका महिन्यात दहा हजार फॉलोअर्स वाढवून देण्याची लेखी हमी. हमी पुरी झाली नाही तर पैसे मिळणार नाहीत, अशीही अट पुष्कळदा सोबत असते. प्रामाणिक एजन्सी ही मागणी पत्राने नाकारते. नुसते ‘जमणार नाही’ एवढेच लिहिले तर ग्राहक दुसरीकडे जातो आणि तिथे त्याला हमी मिळतेही. म्हणून अशा पत्रात हिशेब मांडावा लागतो, हमी देणारे ती कशी पुरी करतात हे सांगावे लागते आणि हमीऐवजी कोणत्या कामाची जबाबदारी घेता येईल हे लिहावे लागते.

एक नमुना घेऊन हे पाहता येते. कोल्हापुरातले एक कुटुंब कांदा-लसूण मसाला तयार करून कुरिअरने राज्यभर पाठवते, असे समजू. त्यांच्या इन्स्टाग्राम खात्यावर 640 फॉलोअर्स आहेत. एका पोस्टला सरासरी 45 लाइक्स येतात. दिवाळी महिन्यावर आली आहे, जाहिरातीसाठी 30,000 रुपये बाजूला ठेवले आहेत आणि स्पर्धकाच्या खात्यावर बारा हजारांचा आकडा दिसतो आहे. त्यामुळे मागणी येते : दिवाळीपर्यंत दहा हजार, लेखी.

एजन्सी पहिल्यांदा त्याच खात्याची मागची आकडेवारी काढते. इन्स्टाग्रामच्या ‘इनसाइट्स’मध्ये आणि जाहिरातींच्या अहवालात ती मिळते. या नमुन्यात मागच्या तीन महिन्यांच्या जाहिरातींत हजार माणसांपर्यंत पोहोचायला 50 रुपये लागले. त्या हजारांतल्या वीस जणांनी प्रोफाइल उघडून पाहिले आणि त्या विसांतल्या दोघांनी फॉलो केले. म्हणजे एक फॉलोअर 25 रुपयांना पडला. या दराने दहा हजारांसाठी अडीच लाख रुपये लागतील. हातातल्या 30,000 रुपयांत सुमारे बाराशे फॉलोअर्स होतात, तेही पोस्ट चांगल्या निघाल्या तर. हे आकडे या नमुन्यापुरते आहेत. व्यवसाय, शहर आणि चित्रफिती यांनुसार ते पुष्कळ बदलतात, म्हणून पत्रात प्रत्येक ग्राहकाचे स्वतःचेच आकडे असावे लागतात.

हा सरळ गुणाकारही प्रत्यक्षात पुरा पडत नाही. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीच्या जागा लिलावाने विकल्या जातात. दिवाळीच्या तोंडावर कपडे, सोने, मोबाइल विकणारे सगळेच बोली लावतात, तेव्हा हजार माणसांचा दर चढतो. शिवाय दहा हजार फॉलोअर्ससाठी पन्नास लाख माणसांपर्यंत पोहोचावे लागेल. कोल्हापुरी मसाल्यात रस असणारे लोक सुरुवातीला सापडतात. पुढे तीच जाहिरात त्याच लोकांना पुन्हा दिसू लागते किंवा ज्यांना मसाल्याशी काही देणेघेणे नाही त्यांच्याकडे जाते. शेवटचा हजारावा फॉलोअर पहिल्यापेक्षा महाग पडतो तो यामुळे.

मग दुसरी एजन्सी हमी कशी देते, याचे उत्तर फॉलोअर्सच्या बाजारात आहे. या धंद्यात ‘एसएमएम पॅनेल’ नावाच्या घाऊक सेवा चालतात. तिथे फॉलोअर्स, लाइक्स आणि व्ह्यूज हजाराच्या भावाने विकले जातात. हा माल बहुतेक यंत्राने चालवलेल्या किंवा ओसाड खात्यांचा असतो. कुठल्याही देशातले स्वस्त फॉलोअर्स, भारतीय नावांचे महाग आणि गळती झाल्यास ठराविक दिवसांत भरून देणारे ‘रिफिल’वाले, अशी त्यात प्रतवारी असते. एजन्सी ग्राहकाकडून महिन्याचे पैसे घेते, त्यातल्या थोड्या रकमेत आकडा विकत आणते आणि हमी कागदोपत्री पुरी होते. महिना संपेपर्यंत आकडा टिकला की तिचे काम झाले.

हे ओळखणे अवघड नसते. फॉलोअर्सचा आलेख महिनाभर हळूहळू चढण्याऐवजी एक-दोन दिवसांत उभा वर जातो. नवीन खाती उघडून पाहिली तर फोटो नसतो, नावापुढे आकड्यांची शेपटी असते, स्वतःची पोस्ट एकही नसते आणि ती खाती हजारो जणांना फॉलो करत असतात. सर्वांत पक्का पुरावा इनसाइट्समधल्या शहरांच्या यादीत मिळतो. मसाला ज्या शहरांत विकला जातो त्यांच्याऐवजी भलतीच शहरे किंवा परदेश वर आले, तर माल बाहेरून आला आहे. फक्त भारतीय खाती विकत घेतली असतील तर हा पुरावा कमी पडतो. अशा वेळी नव्या फॉलोअर्सपैकी कोणी प्रश्न विचारतो का, पोस्ट जपून ठेवतो का, हे पाहावे लागते.

विकतच्या फॉलोअर्सनी होणारे नुकसान साध्या भागाकारात दिसते. 640 फॉलोअर्सवर 45 लाइक्स म्हणजे शंभरात सात जणांचा प्रतिसाद, आणि लहान खात्यासाठी तो चांगला आहे. त्यात दहा हजार मृत खाती मिसळली तर लाइक्स 45 च राहतात, पण एकूण संख्या 10,640 होते. प्रतिसाद शंभरात अर्ध्याहूनही खाली येतो. एखाद्या पाककृतीच्या खात्याला किंवा दुकानदाराला सहकार्यासाठी विचारले तर समोरचा माणूस हाच भागाकार करतो. दुसरे नुकसान जाहिरातीत होते. मेटाच्या जाहिरातींमध्ये खात्याशी आधीच जोडलेल्या लोकांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना लक्ष्य करता येते. जोडलेल्यांच्या यादीत बनावट खाती शिरली की यंत्रणा त्यांच्यासारखीच आणखी खाती शोधत राहते आणि पुढचे खरे पैसेही चुकीच्या दारात जातात.

आकडाही हाती राहतोच असे नाही. इन्स्टाग्रामच्या नियमांत कृत्रिम मार्गाने फॉलोअर्स आणि लाइक्स गोळा करायला मनाई आहे, आणि अशी खाती वेळोवेळी काढली जातात. 2014 च्या डिसेंबरात झालेल्या सफाईत गायक जस्टिन बीबरच्या खात्यावरून पस्तीस लाखांच्या आसपास फॉलोअर्स गेले होते. 2018 मध्ये इन्स्टाग्रामने बाहेरच्या ॲपद्वारे मिळवलेले लाइक्स आणि फॉलोज काढून टाकण्याची घोषणा केली. प्रश्न नियमांपुरताच राहिलेला नाही. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी बनावट फॉलोअर्स विकणाऱ्या टोळीचा तपास करून अटक केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2019 मध्ये अशी विक्री करणाऱ्या कंपनीवर कारवाई केली आणि 2024 च्या नियमाने व्यवसायासाठी बनावट फॉलोअर्स जाणूनबुजून विकण्यावर तसेच विकत घेण्यावर बंदी घातली. परदेशात माल पाठवणाऱ्या मराठी उद्योजकांना हा शेवटचा नियम माहीत असणे बरे.

एवढी तयारी झाल्यावर पत्र लिहिले जाते. नकार पहिल्याच परिच्छेदात येतो, कारण शेवटी दडवलेला नकार वाचणाऱ्याला होकारासारखा वाटत राहतो. वरच्या नमुन्यात पत्र असे असेल :

“सप्रेम नमस्कार. दिवाळीपर्यंत दहा हजार फॉलोअर्सची लेखी हमी आपण मागितली आहे. ती आम्ही देऊ शकत नाही. कोणी फॉलो करावे हे त्या माणसाच्या हातात असते, आणि पोस्ट कोणाला दाखवायची हे इन्स्टाग्राम ठरवते. या दोन्हींवर आमचा ताबा नाही.

“आपल्याच खात्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या आकड्यांवरून एक फॉलोअर सुमारे 25 रुपयांना पडला आहे. आपल्या 30,000 रुपयांत बाराशेच्या आसपास वाढ अपेक्षित धरता येईल. हा अंदाज आहे, वचन नाही. बाजारात आकडा विकत मिळतो, पण आम्ही तो घेणार नाही. त्यातून एकही पाकीट विकले जाणार नाही आणि आपले खाते धोक्यात येईल.

“आम्ही लेखी देऊ शकतो ते असे : महिन्यात बारा रील आणि आठ पोस्ट, आलेल्या प्रत्येक संदेशाला कामाच्या वेळेत चार तासांत उत्तर, जाहिरातीचा प्रत्येक रुपया आपल्याच जाहिरात खात्यातून खर्च आणि दर सोमवारी हिशेब. यश मोजताना व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशा आणि त्यांतून निघालेल्या ऑर्डर धराव्यात, असे सुचवतो. हे मान्य असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. मान्य नसल्यास आपण भरलेली आगाऊ रक्कम पूर्ण परत करू.”

‘आम्ही प्रयत्न करू’ असे मोघम वाक्य या पत्रात मुद्दाम नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 नुसार करार मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे जे हातात नाही ते हमीच्या रकान्यात लिहिणे एजन्सीला महागात पडू शकते, आणि जे हातात आहे ते न लिहिणे ग्राहकाला. बारा रील मोजता येतात, चार तास मोजता येतात. एजन्सी तिथे कमी पडली तर ग्राहक ठामपणे बोट दाखवू शकतो.

ऑर्डर मोजण्याचा आग्रहही हिशेबाचाच आहे. त्या 30,000 रुपयांत बाराशे फॉलोअर्स आले आणि दीडशे चौकशांमधून साठ ऑर्डर निघाल्या, तर एका ऑर्डरमागे 500 रुपये जाहिरातीचे पडले. 250 रुपयांचे एकच पाकीट जात असेल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. एका किलोचा दिवाळी संच पाठवला किंवा ग्राहक वर्षभर पुन्हा मागवत राहिला तरच तो जमतो. फॉलोअर्सच्या आकड्यातून हे कधीच कळले नसते.

ग्राहकाने पत्र मान्य केल्यावर करारात आणखी दोन गोष्टी येतात. खात्याचा पासवर्ड एजन्सीला न देता मेटाच्या बिझनेस सूटमधून कामापुरता प्रवेश दिला जातो, म्हणजे करार संपल्यावर तो काढून घेता येतो. आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर आकडे पुन्हा तपासून उरलेले पैसे चालणाऱ्या जाहिरातीकडे वळवण्याची तारीख ठरते. ग्राहक हमीवरच अडून राहिला तर आगाऊ रक्कम परत जाते आणि खात्याचे सर्व साहित्य व अहवाल त्याच्या हवाली केले जातात.