आपले नाव कोणत्या कामासाठी निघावे?

दिल्ली आणि भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरगाव या परिसरात शासन हे सर्वांत मोठे ग्राहक आहे. म्हणूनच येथील छोट्यामोठ्या व्यावसायिकांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार ऐकू येतो : ‘तत्सम काम’. निविदेच्या पात्रता-अटींत हा शब्द असतो आणि पुष्कळांचा अर्ज त्यावरच अडतो. आपण आजवर किती काम केले यापेक्षा, या कामासारखे काम किती केले, असा तो प्रश्न असतो.

केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली यासाठी एक मार्गदर्शक प्रमाण सुचविले. गेल्या सात वर्षांत अर्जदाराने तत्सम स्वरूपाची तीन कामे केलेली असावीत व त्यांपैकी प्रत्येक काम अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के रकमेचे असावे. किंवा प्रत्येकी ५० टक्क्यांची दोन कामे असावीत. अथवा ८० टक्क्यांचे एक. खात्यांगणिक या आकड्यांत थोडाफार फरक पडतो, परंतु सांगाडा हाच राहतो.

समजा, एखाद्या रुग्णालयातील वातानुकूलन यंत्रणेच्या हवावाहिन्या स्वच्छ करण्याचे वीस लाख रुपयांचे काम निघाले आहे. पहिल्या अर्जदाराने सात वर्षांत रंगकाम, नळदुरुस्ती, जनित्रांची देखभाल अशी साठ लाखांची कामे केली आहेत; पैकी हवावाहिन्यांचे काम एकच, तीन लाखांचे. दुसऱ्याची एकूण उलाढाल अवघी सव्वीस लाखांची, पण ती हवावाहिन्यांच्याच तीन कामांची : आठ, नऊ आणि नऊ लाख. वीस लाखांचे ४० टक्के म्हणजे आठ लाख. इतर अटी दोघेही पूर्ण करतात असे धरले, तरी दुसऱ्याचा लिफाफा उघडला जाईल आणि पहिल्याचा बाजूला ठेवला जाईल. पहिला गृहस्थ अधिक कष्टाळू असेल, कदाचित अधिक कुशलही असेल; निविदा समितीपुढे मात्र तो त्या कामाचा माणूस म्हणून उभाच राहत नाही.

शासनाने हा नियम कागदावर लिहिला एवढेच. खाजगी व्यवहारात माणसाची स्मृती नेमकी अशीच चालते. गरज उद्भवते तेव्हा ती एका वाक्यात उद्भवते : ‘अमुक हवे आहे, कोण करते?’ त्या वाक्यासमोर जे एक नाव आपोआप उभे राहते, त्याला बोलावणे जाते. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ अशी पाटी लावणाऱ्याचे नाव अशा कोणत्याच वाक्यापुढे उभे राहत नाही.

हे कसे घडते, याचे या परिसरातील ठळक उदाहरण एका मराठी माणसाचेच आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेले शिल्पकार राम वनजी सुतार. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व विभागाच्या औरंगाबाद येथील कार्यालयात त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. त्यानंतर दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयाची नोकरी पत्करली आणि १९५९ मध्ये ती सोडून स्वतंत्र व्यवसाय आरंभिला.

त्या वेळी त्यांच्यापुढे शिल्पकलेतील सर्वच वाटा खुल्या होत्या. दिल्लीत कलादालने उभी राहत होती, आधुनिक शिल्पाची चर्चा रंगत होती, प्रदर्शनांतून नाव होत होते. सुतारांच्या नावाला मात्र हळूहळू एकच वाक्य चिकटत गेले : राष्ट्रपुरुषाचा, सार्वजनिक जागी उभा राहणारा, भव्य पुतळा. मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावर त्यांनी काँक्रीटमध्ये पंचेचाळीस फुटी चंबळदेवी घडविली. दिल्लीत गोविंद वल्लभ पंतांचा पुतळा केला. गांधीजींचा त्यांनी घडविलेला अर्धपुतळा गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने अनेक देशांना भेट दिला. संसद भवनाच्या प्रांगणातील ध्यानमग्न गांधीजींच्या सोळा फुटी पुतळ्याचे अनावरण २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले.

या कामांची स्थाने पाहावीत. धरण, राजधानीतील रस्ता, परदेशांना दिलेली भेट, संसदेचे आवार. पुतळा बसविण्याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, ते मंत्री, खासदार, सचिव आणि महापौर नेमके येथूनच ये-जा करतात. कलादालनातील उत्तम शिल्प रसिक पाहतो, पण चौकात पुतळा बसविण्याचा ठराव मांडणारा नगरसेवक ते पाहत नाही. सुतारांचे प्रत्येक काम पुढच्या ग्राहकाच्या वाटेवरच उभे राहिले. आपल्या विशेष क्षेत्राची निवड करताना आपली आवड आणि कसब यांचा विचार सगळेच करतात. झालेले काम पुढे कोणाच्या दृष्टीस पडेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या साऱ्याची परिणती पुढे गुजरातेत झाली. नर्मदेच्या काठी सरदार पटेलांचे १८२ मीटर उंचीचे स्मारक उभारण्याचे ठरले, तेव्हा देशभरातील पटेलांच्या पुतळ्यांचा अभ्यास करण्यात आला. इतिहासतज्ज्ञ व कलावंतांच्या गटाने सुतारांची रचना पसंत केली आणि अहमदाबाद विमानतळावर असलेला पटेलांचा पुतळा हा तिचा आधार ठरला. त्या स्मारकाचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले, तेव्हा सुतार त्र्याण्णव वर्षांचे होते. विमानतळावरील तो पुतळा घडविताना १८२ मीटरची कल्पनाही कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. संधी आली तेव्हा तत्सम काम आधीच उभे होते, इतकेच.

अरुंद क्षेत्रात राहिल्याने केवळ नाव होते असे नाही; काम सुधारते, आणि तेही इतरांच्या नजरेस न पडणाऱ्या तपशिलांत. दिवंगत नेत्याचा पुतळा छायाचित्रांवरून करावा लागतो. छायाचित्रे बहुधा समोरून घेतलेली असतात. मानेचा मागचा भाग, कानांची ठेवण, खांद्यावरून पडलेल्या चादरीच्या घड्या यांचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय उंच पुतळा खालून पाहणाऱ्याला हनुवटी मोठी आणि कपाळ आखूड दिसते. लहान नमुन्यात अगदी बरोबर वाटलेला चेहरा तीस फुटांवर परका भासू लागतो, म्हणून मान किती झुकवावी आणि कपाळ किती वाढवावे हे अनुभवानेच ठरते. पटेलांच्या रचनेसाठीही तीन, अठरा आणि तीस फुटांचे नमुने करून मगच पुढे जाण्यात आले. त्याच विषयाचे दुसरे काम येते तेव्हा मापे, छायाचित्रे आणि चुकीच्या वाटा कार्यशाळेत जमा झालेल्या असतात. नवख्या स्पर्धकाला पहिले सहा महिने जेथे लागतात, तेथून अनुभवी माणूस आरंभ करतो. नोएडातील कार्यशाळा आणि साहिबाबाद येथील ओतशाळा ही सुतारांची व्यवस्थाही याच एका कामाभोवती उभी राहिली. वास्तुविशारद असलेले त्यांचे पुत्र अनिल सुतार त्यात सहभागी झाले. बंगळूर विमानतळावरील केंपेगौडांच्या १०८ फुटी पुतळ्यात ९८ टन कांस्य आणि १२० टन पोलाद आहे. अशा पुतळ्याला शिल्पकाराइतकीच सांगाड्याचे गणित जाणणाऱ्याची गरज असते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नव्या पुतळ्याचे काम सुतारांच्या संस्थेकडे आले आणि मे २०२५ मध्ये तो उभाही राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, नोएडा येथे सुतारांचे निधन झाले.

या मार्गाला मर्यादा आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. कलासमीक्षेत आधुनिक शिल्पकारांची नावे घेतली जातात, तेथे सुतारांचे नाव क्वचितच निघते. एका वाक्याने आठवला जाणारा माणूस दुसऱ्या वाक्याला आठवत नाही. ग्राहक एकाच प्रकारचा असला की त्याच्या अडचणी आपल्या होतात. चंबळदेवी पाहून प्रभावित झालेल्या पंडित नेहरूंनी भाक्रा धरणासाठी श्रमिकांचे पन्नास फुटी कांस्यशिल्प सुचविले होते. निधीअभावी ते झाले नाही. शाखेत अशा व्यवसायाचे खाते सांभाळणाऱ्यांना त्याचे दुसरे रूप परिचित आहे : वर्षभर खात्यात हालचाल नाही आणि एके दिवशी मोठी रक्कम जमा. मध्यंतरी कच्चा माल, मजुरी, बयाणा रक्कम आणि बँक हमी यांचा भार वाहावाच लागतो. म्हणूनच क्षेत्र अरुंद करताना लहान, नियमित उत्पन्न देणारे त्याच जातीचे काम सोबत ठेवावे लागते. शिल्पकाराला अर्धपुतळे ते देतात, हवावाहिन्यांच्या कंत्राटदाराला वार्षिक देखभालीचे करार.

क्षेत्र किती अरुंद असावे? त्याचा हिशेब कठीण नाही. आपण पोहोचू शकतो त्या टापूत असे काम वर्षातून किती वेळा निघते ते मोजावे आणि त्यांपैकी चौथा हिस्सा आपल्याकडे आला तर घर चालते का ते पाहावे. गाझियाबादमध्ये केवळ दंतवैद्यांच्या खुर्च्या दुरुस्त करणारा मनुष्य निभावून नेईल, कारण दिल्ली परिसरात दवाखाने पुष्कळ आणि बंद पडलेली खुर्ची म्हणजे बुडालेला दिवस. तोच व्यवसाय एखाद्या तालुक्याच्या गावी चालणार नाही. तेथे त्याने दवाखान्यातील सर्वच उपकरणे हाती घ्यावीत. क्षेत्र रुजले की नाही हे ओळखण्याची खूणही साधी आहे. ज्याला आपण कधी भेटलो नाही असा मनुष्य दूरध्वनी करतो, आपले काम एका वाक्यात आपल्यालाच सांगतो आणि दरापूर्वी ‘केव्हा याल?’ असे विचारतो. दोन-तीन वर्षांनंतरही प्रत्येक नव्या ग्राहकाला आपण काय करतो हे समजावून द्यावे लागत असेल, तर एक तर वाक्य लांब आहे किंवा त्या वाक्याची गरजच कोणाला नाही.

शेवटी पुन्हा कागदाकडे. स्मृतीवर मिळणारे काम आणि निविदेत मिळणारे काम यांत फरक पडतो तो कार्यपूर्ती प्रमाणपत्राचा. त्यात कामाचे स्वरूप मोघम न लिहिता नेमके लिहून घ्यावे. ‘देखभालीचे काम’ असे लिहिलेले पत्र पुढे तत्सम कामात धरले जाईलच असे नाही. रक्कम आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असावी. प्रमाणपत्र ज्या नावाने आहे त्याच नावाने निविदा भरावी. एकल मालकीची पेढी पुढे कंपनी झाली, तर जुना अनुभव नव्या नावावर आपोआप जात नाही, त्यासाठी हस्तांतराची कागदपत्रे जोडावी लागतात. आणि हे पत्र अंतिम देयकाबरोबरच मागावे. सहा महिन्यांनी गेल्यास काम पाहिलेला अभियंता बदलून गेलेला असतो, आणि नवा अभियंता न पाहिलेल्या कामाखाली सही करीत नाही.