आठ तासांच्या मागणीत काय दडलेलं असतं?

27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी अमेरिकेत तीन ठिकाणी बसलेली माणसं फोनवरून एकाच बैठकीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उडायचं होतं. त्याचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर युटामधून सांगत होते, की उड्डाण पुढे ढकला. बूस्टरचे भाग जिथे जोडले जातात, तिथे रबरी कडी बसवलेली असते. थंडीत रबर ताठरतं आणि फट वेळेत बुजवत नाही. 53 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्लोरिडात तर त्या रात्री पारा शून्याखाली जाणार होता.

नासाच्या अधिकाऱ्यांना हे पटलं नाही. मग उडवायचं तरी कधी, एप्रिलमध्ये का, असा त्यांच्यातल्या एकाचा त्रासिक सवाल होता. थायोकोलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागून घेतली आणि जवळपास अर्धा तास फोन बंद ठेवला. त्या अर्ध्या तासात कंपनीच्या वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं. चार व्यवस्थापकांनी मिळून निर्णय फिरवला. विरोध करणाऱ्या इंजिनिअरांचं मत त्यात मोजलंच गेलं नाही. फोन पुन्हा जोडल्यावर कुणाचं वेगळं मत आहे का, असं विचारण्यात आलं. कुणीही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

या बैठकीची चर्चा बहुतेक वेळा सुरक्षिततेच्या अंगाने होते. पण वाद कसा हाताळू नये, याचाही हा फार बोलका नमुना आहे. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1974 मध्ये एक प्रश्नावली तयार केली. विधानांच्या 30 जोड्या, आणि प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडणारं एक विधान निवडायचं. त्यामागचे प्रश्न दोनच. माणूस स्वतःचं म्हणणं किती लावून धरतो? आणि समोरच्याच्या गरजेची किती दखल घेतो? त्यावरून पाच तऱ्हा पडतात. स्वतःचंच रेटायचं ती स्पर्धा. समोरच्याचं मान्य करून स्वतःचं सोडायचं, ते नमतं घेणं. दोन्ही बाजू वाऱ्यावर सोडायच्या, ती टाळाटाळ. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, ती तडजोड. आणि दोघांचीही गरज पूर्ण भागेल अशी वाट मिळून शोधायची, ते सहकार्य.

त्या रात्री नासाचा पवित्रा स्पर्धेचा होता आणि थायोकोलच्या व्यवस्थापनाने नमतं घेतलं. नमतं घेणं हा आपल्याकडे समजूतदारपणा मानला जातो, आणि अनेकदा तो असतोही. सहकाऱ्याला मुलीच्या परीक्षेसाठी रजा हवी असेल आणि आपलं काम दोन दिवस थांबण्यासारखं असेल, तर ताणून धरण्यात काय अर्थ आहे? पण नमतं घेणाऱ्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली माहिती असेल, तर त्याच्याबरोबर ती माहितीही बैठकीतून उठून जाते. थायोकोलच्या इंजिनिअरांजवळ होती ती माहिती अशीच मागे पडली.

स्पर्धेतही माहिती हरवते, फक्त वेगळ्या रीतीने. पुण्याजवळच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात हे रोज घडू शकतं. समजा, मोठ्या पॉवर प्रेसची महिन्याची देखभाल करायची आहे. मेंटेनन्सचे साहेब म्हणतात, ‘आठ तासांचा शटडाऊन द्या.’ प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, ‘शनिवारचा डिस्पॅच झाल्याशिवाय प्रेस एक मिनिटही थांबणार नाही.’ प्लांट हेडकडे जाऊन जो आपलं रेटून नेईल तो जिंकेल, आणि दुसरा पुढच्या महिन्यात मागणी फुगवून येईल. पाच तास हवे असले तरी दहा मागायचे, म्हणजे निदान पाच पदरात पडतील. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, की खरी गरज किती हे मागणाऱ्यालाच नीट सांगता येत नाही.

यावर घाईघाईत निघणारा तोडगा म्हणजे चार तास. दोघांना निम्मं-निम्मं, भांडण मिटलं. प्रत्यक्षात मात्र त्या चार तासांत साफसफाई आणि ग्रीसिंग उरकतं, क्लच-ब्रेकची तपासणी राहून जाते, आणि उत्पादनाचे चार तास बुडतात ते बुडतातच.

मेरी पार्कर फॉलेट या बोस्टनच्या विचारवंत बाईंनी नेमकं हेच 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्याख्यानात मांडलं होतं. त्यांनी उदाहरण दिलं दूध उत्पादकांच्या सहकारी संघटनेचं. संकलन केंद्र टेकडीच्या उतारावर होतं. चढून येणारे आणि उतरून येणारे, दोघेही दुधाचे कॅन आधी आपलेच उतरावेत म्हणून हटून बसले. संघटना फुटायची वेळ आली. पाळी ठरवली असती तर ती तडजोड झाली असती, पण कुणीतरी फलाटाची जागाच बदलायचं सुचवलं. नव्या जागी दोन्ही गाड्या एकाच वेळी रिकाम्या होऊ लागल्या. पाळीसाठी भांडणाऱ्या त्या माणसांना पाळी नकोच होती. त्यांना लवकर मोकळं व्हायचं होतं.

प्रेसच्या भांडणातही तेच करावं लागतं. आठ तासांत कामं कोणती, असं विचारल्यावर यादी बाहेर येते. क्लच-ब्रेकला तीन तास, स्लाइडचे गाइड तपासून जुळवायला दोन तास. या पाच तासांसाठी प्रेस पूर्ण बंदच हवा. उरलेल्या तीन तासांची कामं, म्हणजे साफसफाई, फिल्टर आणि ग्रीसिंग, डाय बदलताना होऊ शकतात. डाय बदलायला 45 मिनिटं लागत असतील, तर चार बदलांत ती उरकतात. मग पाळी प्रॉडक्शनची. शनिवारी जायचं काय आहे? तीनपैकी दोनच पार्ट. तिसरा मंगळवारी दिला तरी चालतो. तो मागे सरकवला, की शुक्रवारची रात्रपाळी मोकळी होते आणि पाच तासांचं काम तिच्यात बसतं. डिस्पॅच चुकत नाही, तपासणीही राहत नाही.

अर्थात, यासाठी दोघांना आपली खरी यादी उघडी करावी लागते, आणि तिथेच बहुतेक प्रयत्न अडतात. ‘तिसरा पार्ट थांबू शकतो’ हे प्रॉडक्शनने एकदा सांगितलं आणि पुढच्या महिन्यात तेच त्यांच्यावर उलटवलं गेलं, तर ती माहिती परत टेबलावर येणार नाही. म्हणून मिळालेली माहिती कशासाठी वापरणार, हे प्लांट हेडने आधी स्पष्ट केलेलं बरं. बैठकीत प्रत्येक जण फक्त आकडा सांगत असेल आणि त्यामागचं कारण कुणीच विचारत नसेल, तर समजावं, सहकार्याचं नाव घेऊन घासाघीस चाललीय.

शिवाय सहकार्याला वेळ लागतो. ठरलेला बोनस पाच जणांत वाटताना कितीही बोललं तरी रक्कम वाढत नाही. तिथे लवकर तडजोड केलेली चांगली. आणि प्रेसचा सुरक्षा पडदा काम करत नसेल, तर वाटाघाटीला जागाच नाही. मेंटेनन्सने प्रेस बंद करावा, प्रॉडक्शन कितीही ओरडो. स्पर्धेची तऱ्हा तिथे योग्य ठरते. थायोकोलच्या इंजिनिअरांनी त्या रात्री बराच वेळ तीच धरून ठेवली होती. पण मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस बंद करायचा अधिकार मेंटेनन्सला लेखी देता येतो, तसा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.