संगीत ऐकू येतं, संवाद मात्र नाही

एका कॉलेजात मुलांनी केलेल्या बावीस मिनिटांच्या लघुपटाचा पहिला खेळ होता. आदल्या संध्याकाळी सभागृहात चाचणी सुरू झाली. चित्र स्वच्छ, पार्श्वसंगीत खणखणीत. पण आई आणि मुलगा बोलायला लागले, की आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सगळ्यांनी आधी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलालाच धारेवर धरलं. दोष वायरीत होता.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. तीच वायर मिक्सरच्या एकाच जॅकमध्ये खुपसली होती. असा जॅक बहुधा एकाच आवाजाची सुलटी-उलटी जोडी यावी या हिशेबाने केलेला असतो. त्यामुळे मिक्सर एका आवाजातून दुसरा वजा करतो. संवाद दोन्ही बाजूंना सारखेच असतात, ते वजाबाकीत जवळजवळ शून्य होतात. संगीत दोन्हीकडे थोडं वेगळं असतं, ते उरतं. लॅपटॉपकडे एक आणि मिक्सरकडे दोन पिना असलेली वायर आणली, दोन पिना दोन चॅनेलना लावल्या आणि आई बोलू लागली. म्हणून चाचणी गाण्यावर कधीच करू नये, संवादाच्या प्रसंगावर करावी. रिकामं सभागृह घुमतं. माणसं भरली की त्यांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात. त्यामुळे खेळ सुरू झाल्यावरही मिक्सरपाशी कुणीतरी बसायला हवं, आवाज थोडा वाढवावा लागतोच.

प्रोजेक्टरची चाचणी ज्या वेळी खेळ आहे, त्याच वेळी घ्यावी. दुपारी पडदे ओढून ‘चालेल’ म्हणणं फसवं असतं, आणि रात्री घेतलेली चाचणी तर त्याहून फसवी. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या. तोवर वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड रात्रीच्या प्रसंगांचा राखाडी चिखल करतो. शेवटच्या रांगेत बसून पाहिलं, की आणखी एक गोष्ट कळते: पडद्याच्या तळाशी असलेली उपशीर्षकं पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. चित्र वीतभर वर सरकवलं की काम होतं. फिल्म पेनड्राइव्हवरून न चालवता लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावी आणि व्हॉट्सअ‍ॅपची टिंगटिंग बंद करावी.

निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ६ वाजता’ एवढंच छापलं, तर लोक साडेसहाला येतात. ‘स्वागत ६, चित्रपट ६.३० वाजता, दारं बंद’ असं छापलेलं बरं.

कार्यक्रमाचा क्रम ठरवताना खरी ओढाताण होते. सत्कार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं आधी घेतलं, तर चित्रपटाआधीच प्रेक्षक थकतो. आमच्याकडे आधी फक्त दीपप्रज्वलन आणि दोन मिनिटांची ओळख ठेवली, बाकी सगळं चित्रपटानंतर. प्राचार्य थोडे नाराज झाले. समई मात्र पहिल्यापासूनच रंगमंचाच्या कोपऱ्यात, पडद्यापासून लांब ठेवली होती. कारण अंधार करायचा म्हणून नुकतीच लावलेली समई शांत करायला कुणी पुढे येत नाही.