‘डब्ल्यू’शिवायची वेबसाइट का उघडत नाही?

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याची ऑनलाइन विक्री वाढली आणि त्याने आपली वेबसाइट साध्या होस्टिंगवरून ॲमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर हलवली. उदाहरणापुरतं तिचं नाव example.com धरू. हलवाहलव झाल्यावर www.example.com झटक्यात उघडतं. पण गिऱ्हाईक तीन ‘डब्ल्यू’ टाकत बसत नाही, ते नुसतं example.com लिहितं आणि त्याला एरर दिसते. नाव एकच, सर्व्हर तेच, मग एक चालतं आणि दुसरं का नाही?

क्लाउडवर वेबसाइट सहसा एकाच मशीनवर नसते. पुढे लोड बॅलन्सर असतो, तो येणारी गर्दी मागच्या सर्व्हरांमध्ये वाटून देतो. ॲमेझॉनचा नेहमीच्या वापरातला ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आपल्याला कायमचा आयपी पत्ता देत नाही, एक लांबलचक नाव देतो. त्या नावामागचे आयपी बदलत राहतात. गर्दी वाढली, एखादं यंत्र बदललं, की जुने जातात आणि नवे येतात. म्हणून त्या नावाचं उत्तर फक्त ६० सेकंद लक्षात ठेवा, असं ॲमेझॉनचा डीएनएस जगाला सांगतो.

www साठी हे सोपं आहे. डीएनएसमध्ये सीनेम नावाची नोंद करायची: ‘या नावाबद्दल काही विचारायचं असेल तर त्या लांब नावाकडे विचारा.’ आयपी कितीही बदलले तरी आपल्याला हात लावावा लागत नाही.

मूळ नावावर मात्र ही नोंद करता येत नाही. १९८७ साली आलेल्या आरएफसी १०३४ या डीएनएसच्या पायाभूत दस्तऐवजातला नियम असा, की ज्या नावावर सीनेम आहे त्यावर दुसरी कुठलीही माहिती असू नये. दारावर ‘सगळी चौकशी शेजारच्या घरी करा’ अशी पाटी लावली, की पोस्टमन, दूधवाला, बँकेचा माणूस सगळेच शेजारी जाणार. अमुक एकानेच जावं असं त्या पाटीवर सांगता येत नाही. मूळ नावावर तर डोमेनची जबाबदारी कोणत्या नेमसर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या एनएस आणि एसओए या नोंदी असाव्याच लागतात. त्यामुळे सीनेमला तिथे जागाच उरत नाही. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत प्रयत्न केलात, तर ‘not permitted at apex’ असं उत्तर येतं.

एखादी ढिली डीएनएस सेवा ही नोंद करू देते, आणि मग पहिला फटका ईमेलला बसतो. मेल पाठवणारा सर्व्हर example.com ची एमएक्स नोंद, म्हणजे टपाल कुठे द्यायचं ते विचारतो. वाटेतल्या सर्व्हरने आधीच सीनेम साठवलेला असेल, तर तो चौकशी थेट लोड बॅलन्सरच्या नावाकडे नेतो. तिथे एमएक्स नाही आणि मेल घेणारंही कोणी नाही. कोणाच्या सर्व्हरने आधी काय साठवलं यावर सगळं ठरत असल्याने काहींचे मेल पोचतात, काहींचे परत जातात, आणि दोष कुठे आहे ते लवकर उमगत नाही.

मग घाईत एक जुगाड केला जातो. लोड बॅलन्सरचा आजचा आयपी शोधायचा आणि मूळ नावाच्या ए नोंदीत चिकटवायचा. साइट लगेच उघडते, सगळे खूश. पुढे कधीतरी ॲमेझॉन तो आयपी काढून घेतं आणि नुसत्या नावाची साइट बंद पडते. तोच आयपी दुसऱ्या ग्राहकाकडे गेला असेल, तर आपल्या नावावर परक्याच्या सर्टिफिकेटची धोक्याची सूचना दिसते. www ठणठणीत आणि नुसतं नाव आजारी, हे या दुखण्याचं ठळक लक्षण.

खरा उपाय रूट ५३ मध्ये एलियास या नावाने मिळतो. नोंद दिसायला ए प्रकारचीच असते, पण तिच्यात आयपीऐवजी लोड बॅलन्सर निवडलेला असतो. कोणी example.com विचारलं, की रूट ५३ त्या क्षणी लोड बॅलन्सरचे चालू आयपी स्वतःच घेतं आणि साधं ए उत्तर म्हणून देतं. विचारणाऱ्याला दुसरं नाव दिसतच नाही, त्यामुळे नियम मोडत नाही, आणि शेजारच्या एमएक्स नोंदी सुखाने नांदतात.

करायचं असं: नवी नोंद उघडायची, नावाची जागा रिकामी ठेवायची, प्रकार ए ठेवायचा, Alias चं बटण चालू करायचं, यादीतून ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, मग मुंबई विभाग आणि शेवटी आपला लोड बॅलन्सर निवडायचा. अशा चौकशांचे वेगळे पैसे लागत नाहीत. मर्यादा एकच: एलियास ॲमेझॉनच्याच ठरावीक सेवांकडे किंवा त्याच डोमेनमधल्या दुसऱ्या नोंदीकडे वळवता येतो.

डीएनएस क्लाउडफ्लेअरकडे असेल तर तिथे सीनेम फ्लॅटनिंग आहे. २०१४ पासून ही सोय मिळते. मूळ नावावर सीनेम लिहू देतात, पण बाहेर तो कधीच दाखवत नाहीत. त्यांचे सर्व्हर त्या नावाचा माग शेवटपर्यंत काढतात आणि हाती आलेले आयपी पुढे करतात. लक्ष्य कोणत्याही कंपनीचं चालतं, हा याचा फायदा. पण इथे लक्ष्याला प्रश्न गिऱ्हाइकाऐवजी डीएनएस कंपनी विचारते. गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहून जवळचा सर्व्हर देणारी सेवा मागे असेल, तर फ्लॅटनिंगमुळे ती दूरचा पत्ता देऊ शकते. एकट्या मुंबईतल्या लोड बॅलन्सरला याने काही फरक पडत नाही.

सध्याच्या डीएनएस सेवेत यातलं काहीच नसेल, तर फक्त नेमसर्व्हर बदलावेत. डोमेनची नोंदणी जिथे आहे तिथेच राहू द्यावी. बदलण्याआधी एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी नव्या जागी जशाच्या तशा उतरवाव्यात, नाहीतर मेल बंद पडेल. डीएनएससेक चालू असेल तर नोंदणीकर्त्याकडची जुनी डीएस नोंद आधी काढावी आणि तिचा साठवणकाळ संपू द्यावा.

शेवटी तपासणी:

```
dig +short www.example.com
haldi-lb-123456789.ap-south-1.elb.amazonaws.com.
203.0.113.10
203.0.113.24

dig +short example.com
203.0.113.10
203.0.113.24
```

पहिल्या उत्तरात लांब नाव दिसतं, दुसऱ्यात नाही. आयपी मात्र तेच. क्रम मागेपुढे झाला तर हरकत नाही. आयपी वेगळेच आले, तर कोणीतरी कधीकाळी हाताने चिकटवलेली ए नोंद शोधा.

डीएनएस बरोबर असूनही ब्राउझर कुरकुरला, तर सर्टिफिकेट पाहा. एलियासने पत्ता मिळतो, पण ब्राउझरसाठी नाव example.com च राहतं. *.example.com साठी घेतलेलं सर्टिफिकेट www ला चालतं, नुसत्या नावाला नाही. अर्ज करतानाच दोन्ही नावं लिहा, आणि लोड बॅलन्सरचा आयपी डीएनएसमध्ये हाताने कधीही लिहू नका.