गाळ, तळे आणि योग्य शीर्षक

आधी हा उतारा वाचावा. सरावासाठी रचलेला आहे, आठवी-नववीच्या मुलाला झेपेल असा.

‘आमच्या गावाबाहेरचे तळे हल्ली होळीच्या आतच आटते. पाऊस कमी झाला, असे जो तो म्हणतो. पूर्वी तळे आटत आले, की शेतकरी बैलगाड्या घेऊन येत आणि तळाचा गाळ खणून शेतात पसरत. गाळामुळे शेताची माती सुपीक होई आणि तळ्याची खोलीही टिकून राही. पुढे खताची पोती दुकानात मिळू लागली आणि गाड्या यायच्या थांबल्या. गाळ मात्र दर पावसाळ्यात येतच राहिला. आज भर पावसाळ्यात तळ्याच्या मधोमध उभे राहिले, तरी पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. पाऊस पूर्वीइतकाच पडतो. तो साठवायला तळ्यात जागा उरलेली नाही.’

याखाली नेहमीचे तीन प्रश्न येतात : उताऱ्याला योग्य शीर्षक द्या, मध्यवर्ती कल्पना लिहा आणि एका वाक्यात उत्तरे लिहा. मुले बहुधा शीर्षकापासून सुरुवात करतात, कारण ते लिहायला सर्वांत कमी वेळ लागतो. गोंधळ तिथेच सुरू होतो. एका वाक्यातली उत्तरे उताऱ्यातले तपशील हाती देतात, त्या तपशिलांतून मध्यवर्ती कल्पना उभी राहते आणि ती आवळून घेतली की शीर्षक निघते. म्हणून उत्तरपत्रिकेत क्रम कोणताही असो, कच्च्या कागदावर शीर्षक शेवटी सुचू द्यावे.

‘एका वाक्यात उत्तर’ हा सगळ्यांत सोपा प्रकार समजला जातो आणि गुणही तिथेच फुकट जातात. प्रश्न असा समजू : तळ्याची खोली कशामुळे टिकून राहत असे? घाईत वाचणारा ‘खोली’ हा शब्द शोधतो आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवतो : ‘गाळामुळे शेताची माती सुपीक होई आणि तळ्याची खोलीही टिकून राही.’ हे उत्तर चुकीचे आहे. गाळामुळे खोली टिकत नाही, ती बुजते. खोली टिकत होती ती गाळ उपसला जाई म्हणून. उत्तर आधीच्या वाक्यात आहे, शब्द मात्र पुढच्या वाक्यात आहे. ‘उत्तर उताऱ्यातच असते’ हे वर्गात हमखास ऐकू येणारे वाक्य खरे आहे, पण ते तयार वाक्याच्या रूपात असतेच असे नाही.

बरोबर उत्तर असे होईल : ‘शेतकरी दरवर्षी तळाचा गाळ खणून नेत असल्यामुळे तळ्याची खोली टिकून राहत असे.’ यात ‘तळ्याची खोली टिकून राहत असे’ हे शब्द प्रश्नातून आले आणि ‘कशामुळे’च्या जागी उत्तर बसले. वाक्य सुटे वाचले तरी कळते. ‘ते गाळ न्यायचे म्हणून’ एवढेच लिहिले, तर ‘ते’ म्हणजे कोण हे कळायला प्रश्नाकडे पुन्हा पाहावे लागते. ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे उत्तरही असेच अर्धे राहते. दुसऱ्या टोकाला काही मुले ‘आणि’, ‘तसेच’ जोडत अख्खा उतारा एका वाक्यात कोंबतात. अशा उत्तरात विचारलेले आणि न विचारलेले एकाच ओळीत येते, तेव्हा मुलाला नेमके काय कळले आहे हे तपासणाऱ्याला दिसत नाही.

आता मध्यवर्ती कल्पना. उतारा कशाबद्दल आहे, तर तळ्याबद्दल. हा झाला विषय. तळ्याबद्दल लेखक काय सांगतो, हे त्याला जोडले की मध्यवर्ती कल्पना होते. ती शोधायची माझी रीत अशी : एकेक वाक्य बोटाने झाकून उरलेला उतारा वाचायचा. ‘पाणी गुडघ्याच्या वर जात नाही’ हे झाकले तर फक्त एक चित्र जाते. ‘गाड्या यायच्या थांबल्या’ हे झाकले तर तळे का बुजले हेच कळेनासे होते. शेवटून दुसरे वाक्य झाकले तर दुसऱ्या वाक्यातला लोकांचा समज तसाच उभा राहतो आणि वाचणारा तो खरा धरून चालतो. जी वाक्ये झाकता येत नाहीत, ती जवळ आणून आपल्या शब्दांत मांडायची : ‘गाळ उपसण्याची पद्धत बंद पडल्याने तळे उथळ झाले आणि पाऊस पडूनही त्यात पाणी साठेनासे झाले.’ बैलगाड्या, गुडघाभर पाणी, होळी यांना इथे जागा नाही.

दुसऱ्या वाक्याने मात्र सावध राहायला हवे. उताऱ्याच्या सुरुवातीला एखादे मत येते आणि लेखक पुढे ते खोडतो, ही मराठी गद्यातली नेहमीची चाल आहे. ‘असे म्हणतात’, ‘जो तो म्हणतो’, ‘आपल्याला वाटते’ हे शब्द दिसले, की ते मत लेखकाचे आहे की लोकांचे, हे शेवटपर्यंत वाचूनच ठरवावे. पहिल्या दोन ओळींवर मध्यवर्ती कल्पना लिहिणारा इथे हमखास ‘पाऊस कमी झाल्याने तळे आटले’ असे लिहील.

दुसरी चूक मोठ्यांकडून शिकलेली असते. मध्यवर्ती कल्पना म्हणजे बोध, अशी समजूत घराघरांत आहे. मग उत्तर येते : ‘आपण पाण्याची बचत केली पाहिजे.’ वरच्या उताऱ्यात बचतीचे एक अक्षरही नाही. लेखक उपदेश करत नाही, कारण सांगतो आहे. मुलाला निबंधात या वाक्यावर शाबासकी मिळालेली असते, म्हणून ते इथेही आपोआप येते. त्याला इतकेच विचारावे : हे कोणत्या ओळीत आहे ते दाखव.

शीर्षकाचे काम आता बरेच झालेले आहे. ‘पाणी’ हे फार मोठे पडते; त्याखाली धरण, विहीर, टँकर काहीही येईल. ‘बैलगाडी’ एका तपशिलापुरते. ‘गाळाचे महत्त्व’ उताऱ्याच्या मधल्या भागाला शोभते, पण त्यात तळ्याचे काय झाले ते नाही. ‘जुने ते सोने’ कोणत्याही उताऱ्यावर चिकटते, म्हणून ते कोणत्याच उताऱ्याचे नसते. स्पर्धा परीक्षांच्या बहुपर्यायी प्रश्नांत अनेकदा असेच पर्याय असतात : एक फार व्यापक, एक फार अरुंद, एक उताऱ्यातलाच आकर्षक शब्द उचललेला आणि एक बरोबर. ‘गाळ साचला, तळे आटले’ हे कारण आणि परिणाम दोन्ही धरते. दोन ते पाच शब्द पुरतात. शेवटी पूर्णविराम नको.

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी ४ गुण अपठित गद्याला आहेत. त्याच उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहिणे, हा पुढे उपयोजित लेखनात पत्रलेखनाला पर्याय असतो. मध्यवर्ती कल्पना पकडता आली असेल, तर सारांशासाठी उतारा नव्याने फोडावा लागत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. आठवणीवजा किंवा ललित उताऱ्यात कारण-परिणामाची साखळी नसते. तिथे वाक्ये झाकून फारसे हाती लागत नाही आणि लेखकाचा भाव कोणत्या ठिकाणी पालटतो ते पाहावे लागते. शिवाय शीर्षक एकच बरोबर असते असेही नाही. ‘तळे का आटले?’ हेही इथे चालते, कारण सगळा उतारा त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तरसंचात छापलेले शीर्षक सोडून बाकी सगळ्यांवर काट मारणाऱ्याने आधी मुलाची मध्यवर्ती कल्पना वाचावी. ती बरोबर असेल आणि शीर्षक तिच्याशी जुळत असेल, तर गुण कापायला आधार उरत नाही.