मशीनने काढलेली खोटी रेघ

समजा, साठीतला एक गृहस्थ रात्री छाती फाटल्यासारखी दुखते म्हणून इस्पितळात येतो. कळ पाठीत जाते आहे आणि रक्तदाब भरमसाट आहे. डॉक्टरांना महाधमनीची शंका येते आणि शिरेत डाय देऊन छातीचा सीटी स्कॅन होतो. हृदयातून नुकतीच वर निघालेली महाधमनी डायमुळे पांढरी लख्ख दिसते, पण तिच्या आत कडेला समांतर एक बारीक काळी वक्र रेघ आहे. ही रेघ खरी असेल, तर धमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत घुसलं आहे. याला डायसेक्शन म्हणतात. हृदयालगतच्या या भागात ते झालं असेल तर छाती उघडून तो तुकडा बदलण्याची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, कारण सुरुवातीच्या प्रत्येक तासाला धोका वाढत जातो. रेघ खोटी असेल, तर ती सगळी उलथापालथ विनाकारण. असं खरोखर घडलं आहे. खोट्या रेघेवरून छाती उघडली आणि धमनी धडधाकट निघाली, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खोटी रेघ येते कुठून, हे कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सीटीचं चित्र हे छायाचित्र नसतं, ते गणिताचं उत्तर असतं. क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, पलीकडचे डिटेक्टर प्रत्येक कोनातून किती किरण पार आले ते मोजतात आणि संगणक त्या लाखो मोजण्यांवरून आतला प्रत्येक ठिपका किती दाट आहे ते काढतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं ते याच तत्त्वावर. दाटपणाच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे. त्यात पाणी शून्य, हवा उणे हजार आणि टणक हाड हजाराच्या आसपास असतं. पण हे गणित काही गोष्टी गृहीत धरतं. नळी फिरत असताना आतलं काही हललं नाही, हे त्यातलं एक गृहीत.

हृदय मात्र ते पाळत नाही. नाडीचे ठोके मिनिटाला 75 असतील तर एक ठोका 0.8 सेकंदाचा. छातीच्या साध्या स्कॅनमध्ये नळीचा एक फेरा साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात महाधमनीचं मूळ काही मिलिमीटर खाली ओढलं जातं, किंचित पिळलं जातं आणि फुगतं. नळी एका बाजूला असताना भिंत एका जागी असते, समोरच्या बाजूला पोचेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असते. गणित दोन्ही जागा खऱ्या मानतं आणि एकाच भिंतीच्या दोन कडा काढून देतं. दोन कडांमधली फट हुबेहूब फाटलेल्या अस्तरासारखी दिसते. रुग्णाने श्वास कितीही नीट रोखला तरी यात फरक पडत नाही, कारण हालचाल छातीची नसून हृदयाची आहे.

अनुभवी रेडिओलॉजिस्ट अशा वेळी त्या रेघेकडे टक लावून बसत नाही, आजूबाजूला बघतो. ठोक्यामुळे आलेली रेघ बहुतेकदा धमनीच्या डाव्या-पुढच्या आणि उजव्या-मागच्या कडेला येते आणि मुळापासून थोड्या अंतरातच संपते. शेजारच्या फुप्फुस धमनीच्या किंवा हृदयाच्या कडाही त्याच स्लाइसमध्ये दुहेरी झालेल्या असतात. कधी रेघ धमनीची भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरते. फाटलेलं अस्तर भिंतीबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून हा पुरावा मोठा. मग तोच स्कॅन उभ्या छेदात पाहिला जातो. तिथे भिंतीची कड करवतीच्या दात्यांसारखी खालीवर झालेली दिसली, तर तो ठोक्यांचा ठसा.

खरं डायसेक्शन वेगळं वागतं. अस्तराचा पडदा स्लाइसमागून स्लाइस सलग चालत राहतो, अनेकदा कमानीपर्यंत किंवा त्याहीपुढे. पडद्याच्या दोन बाजूंना डाय कमीजास्त भरलेला असतो. वयस्कर माणसाच्या अस्तरात साठलेले कॅल्शियमचे ठिपके कडेवरून आत सरकलेले दिसतात. हृदयाच्या आवरणात रक्त असेल तर शंकेला फार थोडी जागा उरते. पण भीती उलट्या बाजूनेही असते. ‘ही नेहमीची खोटी रेघ’ असं म्हणून मुळापाशीच थांबलेली छोटी खरी फाट सोडून दिली जाऊ शकते. म्हणून शंका उरली आणि रुग्णाची अवस्था परवानगी देत असली, तर ईसीजीशी जोडून स्कॅन पुन्हा करतात. ठोक्यांमधल्या ज्या क्षणी हृदय सगळ्यात कमी हलतं, तेवढ्याच क्षणाच्या मोजण्या चित्रासाठी घेतल्या जातात. खोटी रेघ पुसली जाते, खरी जागेवर राहते. अन्ननलिकेतून केलेली सोनोग्राफी हा दुसरा मार्ग.

धातूची गोष्ट वेगळी. तिथे मोडतं ते दुसरं गृहीत: किरणांचा झोत आरपार जाताना फक्त क्षीण होतो, त्याचा पोत बदलत नाही. प्रत्यक्षात झोतात कमीजास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. डोंगर चढणाऱ्या जथ्यातले कच्चे गडी पहिल्याच चढणीला गळावेत, तसे कमी ऊर्जेचे किरण धातूत अडकतात आणि दमदार तेवढे पलीकडे निघतात. काही ठिकाणी तर पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. दोन्ही खुब्यांचे सांधे बदललेल्या माणसाच्या ओटीपोटाच्या स्कॅनमध्ये एका खुब्यापासून दुसऱ्यापर्यंत काळा पट्टा जातो आणि मूत्राशय नेमकं त्यात सापडतं. तिथली गाठ झाकली जाऊ शकते, किंवा नसलेलं काही दिसू शकतं.

हा पट्टा ओळखायची खूण म्हणजे त्याला शरीराची हद्द कळत नाही. तो हाड, स्नायू, चरबी, लघवी सगळ्यांवरून सरळ रेषेत जातो आणि वाटेतल्या सगळ्यांचे आकडे बिघडवतो. रोग असा धातूपासून धातूपर्यंत पट्टी लावून पसरत नाही. टायटॅनियमने हा त्रास कमी होतो, स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमने जास्त. नळीचा दाब 120 ऐवजी 140 किलोव्होल्ट केला की थोडा फायदा मिळतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर स्कॅन करणारी यंत्रं आणखी बरी.

धातूचा परिणाम गणितानेच काढून टाकणारी सॉफ्टवेअरही आता आहेत आणि ती फार उपयोगी पडतात. पण इथे एक मेख आहे. बिघडलेल्या मोजण्या टाकून सॉफ्टवेअर त्या जागी अंदाजाचे आकडे भरतं, आणि अंदाज चुकला की सांध्याच्या दांड्याभोवती नवीच काळी कड उमटते. ती थेट सांधा सैल झाल्यासारखी दिसते. त्यामुळे दुरुस्त केलेली चित्रं मूळ चित्रांशेजारी ठेवूनच वाचायची असतात. फक्त दुरुस्त चित्रात दिसणाऱ्या कडेवर कुणी सांधा बदलायला सांगू नये. पायावर जोर देताना दुखतं का, जुन्या एक्स-रेशी तुलना करता दांडा खचला आहे का, हे आधी पाहिलं जातं.

म्हणून स्कॅनला जाताना जुने एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे कागद बरोबर न्यावेत. सांधा कोणत्या धातूचा आहे आणि कधी बसवला, हे त्यात असतं. तंत्रज्ञ त्यावरून आधीच यंत्र तसं लावू शकतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला तुलनेसाठी हातात काहीतरी असतं. रिपोर्टमध्ये ‘धातूमुळे या भागाचं परीक्षण मर्यादित’ असं वाक्य दिसलं, तर त्याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही. तिथे नीट दिसलेलं नाही, एवढाच होतो. त्या जागी सोनोग्राफीने काम भागेल का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्यावं.